गाण्याचा व्हिडिओ समेवर कापायचा कसा, आणि गाण्यातला शब्द दृश्यात परत परत आणायचा कसा

म्युझिक व्हिडिओ एडिट करायला बसलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, बीटवर कट मार. ठीक आहे, पण कुठल्या बीटवर? ऑनलाइन सापडणारी बहुतेक ट्युटोरियल्स चार-चारच्या बीटची असतात, एक दोन तीन चार, किक स्नेअर किक स्नेअर. आपल्याकडची कितीतरी गाणी दादऱ्याच्या अंगाने चालतात, सहा मात्रा, आणि त्याला चार-चारची पट्टी लावली की कट बीटवर असूनही काहीतरी खटकत राहतं. म्हणून इथे दादऱ्यातलंच एक गाणं घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊया.

गाणं मी या लेखापुरतंच रचलंय, त्यामुळे कुठे शोधत बसू नका. एकाच घरात राहणारे दोघं, शिफ्टा वेगळ्या, भेट कमी. मुखडा असा:

कुंडीखाली चावी ठेव, मला थोडा उशीर होईल
दिवा मालवून झोप तू, दार माझं मी उघडीन

पहिल्या अंतऱ्यात "लोकलच्या दारात वारा, डब्यात भाजी निवून गेली" असं काहीतरी, आणि दुसऱ्यात "कॅलेंडरवर दुधाचे खाडे, तुझी रांग नि माझी रांग". लांबी ३ मिनिटं ३६ सेकंद, आणि एक आवर्तन, म्हणजे सहा मात्रांचा एक फेरा, बरोबर दीड सेकंदाचं.

आधी गाणं कागदावर उतरवा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी रेकॉर्डिंग करणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. एक म्हणजे फायनल मास्टरची डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झची. व्हॉट्सॅपवर आलेली एमपी३ नको, कारण एमपी३ बनताना सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि नंतर खरी फाइल आली की सगळे मार्कर काही फ्रेम सरकलेले दिसतात. दुसरी म्हणजे फक्त तबल्याचा किंवा ढोलकीचा वेगळा ट्रॅक. तो मिळाला तर अर्धं काम झालं समजा, पूर्ण मिक्सच्या वेव्हफॉर्ममध्ये समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, थाप बासरीखाली आणि आवाजाखाली दबून जाते, वेगळ्या ट्रॅकवर ती खुंटीसारखी उभी दिसते.

मग गाणं ऐकत ऐकत आवर्तनं मोजा आणि लिहून काढा. आपल्या गाण्यात सुरुवातीचं म्युझिक १२ आवर्तनं, मुखडा दोनदा मिळून १६, मधलं म्युझिक १२, पहिला अंतरा २४, परत मुखडा ८, दुसरं म्युझिक १६, दुसरा अंतरा २४, मुखडा ८, मग ठेका थांबवून नुसत्या आवाजात मुखडा ८ आणि शेवटी ठेक्यासकट मुखडा १६. बेरीज १४४ आली पाहिजे, कारण १४४ गुणिले दीड म्हणजे २१६ सेकंद. नाही आली तर कुठेतरी वादकाने दोन मात्रा जास्त घेतल्यात किंवा तुम्ही एक आवर्तन सोडलंय, ते आत्ताच शोधा.

आता ओळीखाली मात्रा लिहा. इथे एक गोष्ट दिसेल जी नुसतं ऐकून लक्षात येत नाही. "कुंडीखाली" हा शब्द समेवर सुरू होत नाही, तो आधीच्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतो, आणि सम पडते ती "चावी"च्या "चा" वर. गाणाऱ्याला हे अंगवळणी असतं, एडिटरला माहीत नसतं. तुम्ही ओळ सुरू झाली म्हणून कट मारला तर तो खालीवर पडेल, समेवर मारला तर तो ओळीच्या पोटात पडेल. दोन्ही चालतं, पण कुठला कुठे पाहिजे हे ठरवून करायचं.

मार्कर लावताना

टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची ठेवा. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइटखाली पट्टे येत नाहीत. डाविंची रिझॉल्व्हमध्ये हे पहिली क्लिप आत घ्यायच्या आधीच सेट करा, नंतर तो आकडा बदलू देत नाही.

२५ फ्रेमने दीड सेकंद म्हणजे ३७.५ फ्रेम. आता अर्धी फ्रेम तर कुणी कापू शकत नाही. म्हणून समेचे मार्कर आळीपाळीने ३७ आणि ३८ फ्रेमवर पडणार. हे न बघता सगळ्या क्लिपा ३७ फ्रेमच्या कापून एकापुढे एक लावल्या तर पहिल्या मुखड्याच्या १६ आवर्तनांत तुम्ही ८ फ्रेम पुढे निघून जाल, म्हणजे जवळपास एक तृतीयांश सेकंद, आणि ते कुणालाही जाणवतं. मार्कर नेहमी गाण्यावरून लावा, आधीच्या मार्करपासून मोजून लावू नका.

आपोआप बीट शोधणाऱ्या टूलवर दादऱ्यात फार भिस्त ठेवू नका. आपल्या गाण्याला ते मिनिटाला १२० बीट असं सांगू शकतं. गणित चुकलेलं नसतं, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने तीन बीट धरले की दीड सेकंद होतातच, पण ते बीट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात. दादऱ्याचं वजन असतं पहिल्या आणि चौथ्यावर, धा धिं ना, धा तिं ना. म्हणजे सम जुळते आणि मधले दोन कट ठेक्याशी भांडत बसतात. सुरुवातीला म्हटलं ते खटकणं हेच. टूलमध्ये आकडा हाताने ८० करा, की मग मार्कर सम आणि खालीवर बसतात. आणि गाणं क्लिकशिवाय, नुसतं बसून वाजवून रेकॉर्ड केलेलं असेल तर टूल सोडाच, लय थोडी पुढे-मागे होत असते, प्रत्येक सम हातानेच लावा.

हाताने लावायची पद्धत: कुठलीही क्लिप सिलेक्ट नाही हे बघा, गाणं चालू करा आणि प्रत्येक समेला `M` दाबत जा. क्लिप सिलेक्ट असेल तर मार्कर टाइमलाइनऐवजी क्लिपवर बसतो. वायरवाला हेडफोन वापरा, ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो आणि तुमचे सगळे मार्कर त्याच फरकाने मागे पडतात. एकदा सगळे दाबून झाले की झूम करून प्रत्येक मार्कर तबल्याच्या उभ्या रेघेवर सरकवा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचंय. समेला एक रंग, खालीला दुसरा, आणि ज्या शब्दांचं दृश्यात काही करणार आहात त्यांना तिसरा. आपल्याकडे तिसऱ्या रंगाचा मार्कर फक्त "चावी"च्या "चा" वर.

चावी किती वेळा आणि कधी

मला वाटतं मोटिफ, म्हणजे दृश्यात परत परत येणारी वस्तू, बिघडतो तो इथेच. गाण्यात चावी म्हटलं की चावी दाखवली, दिवा म्हटलं की दिवा, लोकल म्हटलं की लोकल. असं केलं की व्हिडिओ म्हणजे शाळेतला चित्रांचा तक्ता होतो, आणि प्रेक्षक तिसऱ्या ओळीपासून पुढचं चित्र ओळखायला लागतो.

आपल्या गाण्यात मुखडा सारखा परत येतो. शब्द तेच, चाल तीच. म्हणून फ्रेमसुद्धा तीच ठेवायची, दाराबाहेरची फरशी, कुंडी, उजवीकडून येणारा हात. बदलायच्या फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे त्या फ्रेममध्ये काय सापडतं, आणि दुसरी म्हणजे शब्द आणि चित्र यांच्यातलं अंतर. ही दुसरी गोष्ट फार कमी लोक वापरतात आणि सगळी गंमत तिच्यातच आहे.

पहिला मुखडा दोनदा गायला जातो. पहिल्यांदा कुंडी दाखवूच नका, चेहऱ्यावर राहा, ओळ कानाला ओळखीची होऊ द्या. दुसऱ्यांदा त्याचा हात कुंडी उचलतो, पण चावी दिसते ती शब्दानंतर एक आवर्तन उशिरा. शब्द ऐकला, मग दीड सेकंदाने वस्तू दिसली. प्रेक्षक नकळत जोडी लावतो.

पहिल्या अंतऱ्यानंतरच्या मुखड्यात हात तिचा, बांगडी दिसते, आणि चावी बरोबर समेवर, "चा"च्या थापेवर दिसते. आता शब्द आणि चित्र एक झाले. असं संपूर्ण व्हिडिओत एकदाच करायचं, म्हणून ते लागतं.

दुसऱ्या अंतऱ्यानंतर कुंडी शब्दाच्या एक आवर्तन आधीच उचलली जाते आणि खाली काहीच नाही, फक्त कुंडीच्या बुडाचा ओला गोल. ते रिकामेपण बघत असताना वरून "चावी" हा शब्द येतो. आधीच्या दोन वेळा नीट केल्या असतील तरच हे चालतं, नाहीतर लोकांना कळतच नाही की काहीतरी नाहीये.

मग ठेका थांबतो तिथे कुंडी अजिबात नाही, दार आतून उघडतं, ती जागी आहे. आणि शेवटच्या मुखड्यात परत तीच फ्रेम, पण हात येत नाही, चपलांचे दोन जोड एकामागून एक येऊन थांबतात, कुंडीला कुणी हात लावत नाही. शब्द वाजतो आणि चावी दाखवायची गरजच उरत नाही.

याला जोडून एक छोटा आकार ठेवू शकता, गोल. चावीची रिंग, डब्याचं झाकण, कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याला केलेलं वर्तुळ, फरशीवरचा ओला गोल. हा शब्दात कुठेच नाही, पण अंतऱ्यातून मुखड्यात येताना कट लपवायला फार उपयोगी. झाकणाचा गोल फ्रेममध्ये जिथे असेल, पुढच्या शॉटमध्ये रिंग तिथेच आणि साधारण तेवढीच मोठी. या दोनावर थांबा. दिवा, दार, लोकल, घड्याळ सगळ्यांचे मोटिफ केले तर एकही लक्षात राहत नाही.

शूटच्या दिवशी

कुंडीचे सगळे शॉट एकाच बैठकीत घ्या, नाहीतर फ्रेम तीच राहत नाही. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली टेपने खुणा, लेन्स तीच, फोकस मॅन्युअल, कॅमेऱ्याची उंची मोजून लिहा, आणि पहिल्या शॉटचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, पुढचा प्रत्येक शॉट त्याच्याशी ताडून बघा. कुंडी परत ठेवताना जागा चुकते, म्हणून फरशीवर खडूची बारीक खूण, ती कुंडीखाली झाकली जाईल अशी. उचललेल्या शॉटच्या आधी मात्र पुसून टाका.

शूट करताना गाणं स्पीकरवर वाजलंच पाहिजे, हात येणाऱ्या माणसासाठीसुद्धा. नुसतं "आता उचल" म्हणून घेतलेल्या टेकमध्ये हाताची लय वेगळी असते आणि ती एडिटमध्ये दुरुस्त होत नाही. उचलणं कुठल्या मात्रेवर आणि ठेवणं कुठल्या मात्रेवर हे सांगून ठेवा.

गाणाऱ्याचा स्लो मोशन शॉट पाहिजे असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवा, ५० फ्रेमवर शूट करा, आणि एडिटमध्ये २५ वर उतरवा. ओठ बरोबर जुळतात आणि केस, ओढणी, पाऊस हळू होतात. दुप्पट वेगात गाण्याचा सराव आधी करून घ्या, सेटवर पहिल्यांदा करायला गेलं की सगळे हसत बसतात.

मोबाइलवर शूट करणार असाल तर एक सावधगिरी. बरेच फोन फ्रेम रेट स्वतःच थोडा कमी-जास्त करतात, आणि मग ओळीच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाला सुटतात. क्लिपा आत घेण्याआधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या.

आता कापायचं

आधी कुंडीचे शॉट त्यांच्या जागी ठेवा, बाकी टाइमलाइन रिकामी असली तरी चालेल. हे खांब, बाकीचं यांच्या मध्ये भरायचं.

कुंडी उचलून चावी दिसते ती नेमकी फ्रेम क्लिपमध्ये शोधा, क्लिप सिलेक्ट करून तिथे `M` दाबा, स्नॅपिंग चालू ठेवा (`N`), आणि क्लिपचा मार्कर टाइमलाइनच्या मार्करवर नेऊन चिकटवा. यात कट कुठे पडतो ते नंतर बघायचं, आधी घटना जुळवायची. शॉटच्या आतली घटना समेवर असेल तर कट समेवर असायची गरज नसते, उलट नसलेलाच बरा. उचलण्याचा शॉट खालीवर, म्हणजे "कुंडीखाली" हा शब्द उठतो तिथे सुरू करा, आणि समेवर चावी दिसू दे. अर्धं आवर्तन मिळतं, १८-१९ फ्रेम, तेवढ्यात डोळा फ्रेम ओळखतो.

जिथे कटच समेवर मारायचाय तिथे तो थापेच्या एक फ्रेम आधी सरकवून बघा. २५ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. नवं चित्र डोळ्यात बसायला किंचित वेळ जातो, म्हणून बरेच एडिटर एखादी फ्रेम आधी कापतात. उशिरा मात्र नको, आवाज आधी आणि चित्र मागून हे लगेच कळतं. कुंडी फरशीवर टेकते तसल्या आपटण्याच्या घटनेला ही सूट लावू नका, ती थापेवरच पाहिजे.

लांबीचा माझा हिशोब साधा आहे. मुखड्यात शॉट दोन आवर्तनांचे, अंतऱ्यात चार, मधल्या म्युझिकमध्ये एक आणि मधूनच अर्धं. अंतऱ्यात शब्द नवे असतात, लोकांना ते ऐकू द्या, तिथे घाई केली तर कवीची मेहनत पाण्यात. आणि ठेका थांबतो त्या आठ आवर्तनांत, म्हणजे १२ सेकंदांत, एकच शॉट. थाप नाही तर कट कशावर मारणार?

शॉटच्या आत लय आणायचं टोकाचं उदाहरण म्हणजे मिशेल गोंद्रीने केलेला केमिकल ब्रदर्सच्या "स्टार गिटार"चा व्हिडिओ. तो सगळा ट्रेनच्या खिडकीतून दिसतो, कट जाणवत नाहीत, आणि बाहेरचे खांब, इमारती, दुसऱ्या गाड्या संगीतातल्या आवाजांवर येत जातात. तेवढं करायला नको, पण आपल्या पहिल्या अंतऱ्यात लोकल आहेच. खिडकीतून खांब साधारण सारख्या अंतराने जातायत असा एक तुकडा शोधा आणि दोन खांबांमधल्या फ्रेम मोजा. समजा १८ आल्या. आपलं अर्धं आवर्तन १८.७५ फ्रेमचं, म्हणून क्लिपचा वेग ९६ टक्के केला की खांब सम आणि खालीवर पडायला लागतात. गाडीने वेग बदलला की हे सुटतं, त्यामुळे तीन-चार आवर्तनांपेक्षा जास्त ताणू नका. रेल्वेत शूटिंगला परवानगी लागते, ती आधी काढा.

तिहाई आली तर

दुसऱ्या म्युझिकच्या शेवटी तबलावाल्याने तिहाई घेतलीये असं धरू. तीन मात्रांचा बोल, दोन मात्रा दम, परत बोल, दम, परत बोल, आणि शेवटचा धा समेवर. त्या दोन आवर्तनांत धा पडतात तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, आणि तेराव्यावर म्हणजे पुढच्या समेवर. तुमच्या सम-खालीच्या मार्करमध्ये पहिले दोन कुठेच नाहीत, ते तिथे हाताने लावावे लागतात, एकमेकांपासून सव्वा सेकंदाने.

इथे गोल बाहेर काढा. पहिल्या धा वर झाकण बंद, दुसऱ्यावर पेन कॅलेंडरवरचं वर्तुळ पूर्ण करतं, तिसऱ्यावर सम आणि दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शॉट. दमाच्या दोन मात्रांत हालचाल थांबलेली पाहिजे, शॉट तसाच धरून ठेवायचा. बरेच जण दमातसुद्धा कट भरतात आणि मग तिहाईची तिहाई राहत नाही, नुसती गडबड होते.

जुळलंय की नाही कसं बघायचं

ओठांसाठी "मला" हा शब्द पकडा. "म"ला ओठ मिटतात, ती फ्रेम आणि आवाजातला "म" जुळला पाहिजे. प, ब, म सोडून दुसऱ्या अक्षरांवर तपासत बसलात तर डोळे दुखतील.

कटांसाठी गाण्याचा ट्रॅक मुद्दाम चार फ्रेम पुढे सरकवा आणि बघा. व्हिडिओ लगेच वाईट वाटला तर आधीचं जुळणं खरं होतं. काहीच फरक वाटला नाही तर तुमचे कट थापेच्या आसपास होते, थापेवर नव्हते. ट्रॅक मागे आणायला विसरू नका.

सगळे कट समेवर पडलेत का हे बघायला मांडीवर टाळी धरून व्हिडिओ बघा. प्रत्येक कट टाळीवर आला तर दोन मिनिटांनी प्रेक्षक कंटाळणार हे नक्की. अंतऱ्यातले काही कट उचलून शब्दाच्या शेवटावर, श्वासावर किंवा नजर वळते तिथे न्या. मुखड्यातले राहू देत.

मोटिफसाठी आवाज पूर्ण बंद करा आणि गाणं न ऐकलेल्या कुणालातरी दाखवा. कुंडीखाली आधी काहीतरी सापडायचं, मग सापडलं नाही, मग कुणी शोधलंच नाही, एवढं त्यांना सांगता आलं पाहिजे. कुंडी चारदा दिसली पण गोष्ट कळली नाही असं म्हणाले तर बहुतेक फ्रेम पुरेशी सारखी नाही, हात एकदा डावीकडून आलाय किंवा एखादा शॉट जास्त जवळून आहे. जवळच्या शॉटशी बाकीचे शॉट क्रॉप करून जुळवता येतात, हाताची दिशा क्लिप उलटी करून बदलता येते, फक्त उलट करताना मागे दारावरच्या पाटीची अक्षरं दिसत नाहीत ना ते बघा.

शेवटी एक्सपोर्ट झालेली फाइल फोनच्या स्पीकरवर एकदा चालवा. छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा घुमारा जवळजवळ जातो आणि थापेचा टोकदार आवाज तेवढा उरतो. मार्कर डग्ग्याच्या फुगवट्यावर लावले असतील तर इथे कट उशिरा वाटतील. तसं झालं तर गाण्याला हात न लावता सगळं चित्र एक-दोन फ्रेम आधी घ्या आणि "मला"वर ओठ परत तपासा.